एकशे ऐंशी लिटरचा हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. विज्ञानाच्या तासाला उत्सर्जन संस्थेचा धडा चालू होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. सुट्टीत तो रावेर तालुक्यात आपल्या मामूंच्या केळीच्या बागेत मदतीला गेला होता. तो म्हणाला, “सर, मे महिन्यात दिवसभर घड वाहून नेल्यावर लघवी अगदी थोडी व्हायची आणि गडद पिवळी दिसायची. घरी येऊन भरपूर पाणी प्यायलो की ती पुन्हा पाण्यासारखी फिकट व्हायची. असे का?”

त्याचे ऐकून एक मुलगी म्हणाली, “सर, माझ्या नानांचे गुर्दे काम करत नाहीत. त्यांचे डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी त्यांना केळी खायला मनाई केली आहे. केळी तर चांगली असतात ना?”

मुलांनो, हे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण म्हणजे नेफ्रॉन.

आपल्या पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक वृक्क असते. यालाच उर्दूत आपण गुर्दा म्हणतो. प्रत्येक वृक्कात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन ही केसाहूनही बारीक, वळणे घेत गेलेली नळी आहे. तिची लांबी तीन ते पाच सेंटिमीटर असते. दोन्ही वृक्कांतील सगळ्या नळ्या एकापुढे एक ठेवल्या, तर त्यांची रांग जळगावहून निघून, पारोळा मागे टाकून, जवळजवळ धुळ्यापर्यंत पोहोचेल.

या नळीचे एक टोक पेल्यासारखे असते. विल्यम बोमन या इंग्रज वैद्याने १८४२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बोमनचे संपुट म्हणतात. या पेल्यात बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता बसलेला असतो. तो म्हणजे केशिकागुच्छ. लघवी तयार होण्याचे काम येथूनच सुरू होते.

पहिली पायरी आहे गाळण. केशिकागुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंद असते आणि रक्त बाहेर नेणारी वाहिनी तिच्याहून अरुंद असते. त्यामुळे आत रक्ताचा दाब वाढतो. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने थोडे दाबले, तर नळीत पाणी कसे ताठरते ते आठवा. या दाबाने रक्तातील पाणी केशिकांच्या भिंतीतून गाळले जाऊन पेल्यात उतरते. पाण्याबरोबर मीठ, साखर, पोटॅशियम, युरिया असे सगळे बारीक पदार्थही उतरतात. रक्तपेशी आणि प्रथिने मात्र आकाराने मोठी असल्यामुळे रक्तातच राहतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे गाळणे चांगले आणि वाईट ओळखत नाही. ते मुख्यतः लहान आणि मोठे एवढेच ओळखते. साखर उपयोगी आहे, पण लहान आहे. म्हणून तीही खाली उतरते. गाळण्याची ही भिंत बिघडली तर प्रथिने लघवीत येऊ लागतात. मग लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ मोडत नाही. म्हणूनच डॉक्टर लघवीत प्रथिने आहेत का, हे तपासून घेतात.

आता हिशेब करू या. मोठ्या माणसाच्या दोन्ही वृक्कांत मिळून एका मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. तासाला साडेसात लिटर आणि दिवसाला १८० लिटर! आपल्या रक्तातील द्रवभाग तर सुमारे तीनच लिटर असतो. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. पण दिवसभरात लघवी होते ती साधारण दीड लिटर. मग उरलेले साडेएकशे अठ्ठ्याहत्तर लिटर गेले कोठे?

ते रक्तात परत गेले. ही दुसरी पायरी, म्हणजे पुनःशोषण. केशिकागुच्छातून बाहेर पडलेली रक्तवाहिनी पुन्हा बारीक फाट्यांत विभागते आणि नळीला वेढून घेते. नळीच्या भिंतीतील पेशी आतल्या द्रवातून हवे ते उचलतात आणि बाहेरच्या रक्ताला परत देतात. पहिल्या वळणदार भागातच सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतले जाते. साखर तर पूर्णपणे परत जाते. निरोगी माणसाच्या नळ्यांत दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर उतरते आणि लघवीत जवळजवळ काहीच जात नाही.

पण साखर उचलण्यालाही एक मर्यादा आहे. १०० मिलिलिटर रक्तात साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की उचलणाऱ्या पेशींचे हात अपुरे पडतात आणि उरलेली साखर लघवीतून वाहून जाते. मधुमेहात नेमके हेच घडते. साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते, म्हणून अशा रुग्णाला वारंवार लघवी होते आणि सारखी तहान लागते.

ईदच्या आधी घराची साफसफाई करताना आपण काय करतो? आधी सगळे सामान अंगणात काढतो आणि मग हवे तेवढेच आत नेतो. नको ते बाहेरच राहते. नेफ्रॉनचीही हीच रीत आहे. यात मोठा फायदा आहे. शरीरात एखादा अनोळखी पदार्थ शिरला, तर त्याला ओळखून बाहेर काढण्याची गरजच पडत नाही. तो पाण्यात विरघळणारा आणि लहान असला, की आपोआप अंगणात येतो आणि आत नेणारा कोणी नसल्यामुळे बाहेरच जातो.

आता बागेतल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. घामावाटे पाणी जाते आणि रक्त किंचित दाट होते. मेंदूला हे लगेच समजते. तो रक्तात एक संप्रेरक सोडतो. त्याचे नाव व्हॅसोप्रेसिन. नळीच्या शेवटच्या भागात, म्हणजे संग्राहक नलिकेत, या संप्रेरकामुळे पाण्याच्या वाटा उघडतात. वृक्काच्या आतल्या भागात मीठ दाट असते. ते नलिकेतील पाणी ओढून घेते आणि ते पाणी रक्तात परत जाते.

समजा, एका माणसाची एरवी दीड लिटर लघवी होते आणि कडक उन्हाच्या दिवशी अर्धाच लिटर झाली. एरवी परत गेलेले पाणी साडेएकशे अठ्ठ्याहत्तर लिटर, आणि उन्हाच्या दिवशी साडेएकशे एकोणऐंशी लिटर. १८० लिटरमध्ये फरक पडला फक्त एका लिटरचा! परंतु टाकाऊ पदार्थ आणि पिवळा रंग पूर्वीइतकेच असून ते तिप्पट कमी पाण्यात मावले. म्हणून लघवी गडद दिसली. पाणी प्यायल्यावर संप्रेरक कमी झाले, वाटा मिटल्या, पाणी नलिकेतच राहिले आणि रंग फिकट झाला.

वृक्काची ही बचत अमर्याद नाही. रोजचा युरिया आणि क्षार बाहेर टाकायला दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतेच. अंगातले पाणी फारच कमी झाले, तर रक्ताचा दाब उतरतो आणि मग पहिली पायरी, म्हणजे गाळणच, मंदावते. उन्हात काम करणाऱ्याला चक्कर येऊ लागली आणि कित्येक तास लघवीच झाली नाही, तर त्याला सावलीत आणून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

राहिली तिसरी पायरी, स्रवण. ही पुनःशोषणाच्या अगदी उलट आहे. केशिकागुच्छातून जाताना रक्तातील द्रवाचा सुमारे एक पंचमांश भागच गाळला जातो. उरलेला भाग नळीभोवतीच्या केशिकांतून वाहत असतो. त्यातही काही नको असलेले पदार्थ असतात. नळीच्या पेशी ते रक्तातून ओढून नळीत टाकतात. जादा आम्ल, जादा पोटॅशियम आणि कितीतरी औषधे अशा रीतीने बाहेर पडतात. हे काम पुनःशोषण चालू असतानाच नळीच्या निरनिराळ्या भागांत चालते. पोटॅशियमचे स्रवण मात्र मुख्यतः शेवटच्या भागात होते. पेनिसिलिन हे औषध स्रवणामुळे इतक्या झपाट्याने लघवीत उतरते, की १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये औषध अपुरे पडल्यावर डॉक्टरांनी रुग्णाच्या लघवीतून ते वेगळे काढून पुन्हा वापरले होते.

आता केळीचा प्रश्न. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. पाच केळी खाल्ली तर दोन ग्रॅम झाले. मोठ्या माणसाच्या शरीरात पेशींच्या बाहेरचा जेवढा द्रव आहे, त्या सगळ्यात मिळून पोटॅशियम असते सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. ते दुप्पट झाले तर हृदयाचे ठोके बिघडून जीवाला धोका होईल. मग पाच केळी खाणाऱ्या निरोगी मुलाला काहीच का होत नाही? कारण पेशी ते पोटॅशियम आधी आपल्यात सामावून घेतात आणि पुढच्या काही तासांत नेफ्रॉन जादा भाग स्रवणाने लघवीत टाकतात. गाळून आलेले बरेचसे पोटॅशियम तर नळीच्या सुरुवातीच्या भागातच परत घेतले जाते. त्यामुळे किती बाहेर टाकायचे, हे ठरते ते मुख्यतः शेवटच्या भागातील स्रवणावर.

त्या मुलीच्या नानांचे नेफ्रॉन आता हे काम करू शकत नाहीत. डायलिसिसचे यंत्र रक्तातील जादा पोटॅशियम काढते, पण आठवड्यातून दोन-तीनदा आणि काही तासच. नेफ्रॉन मात्र रात्रंदिवस काम करतात. यंत्राच्या दोन वेळांच्या मधल्या दिवसांत केळी खाल्ली, तर पोटॅशियम रक्तात साचत जाईल. केळी चांगलीच आहेत. नानांच्या शरीरात त्यांच्यातील पोटॅशियमला बाहेर जायची वाट उरलेली नाही.

तास संपल्याची घंटा झाली. ती मुलगी जाता जाता म्हणाली, “सर, म्हणजे नाना रागावतात तेव्हा मी त्यांना हे समजावून सांगू शकते.”

मी म्हणालो, “जरूर सांग. आणि केळ्याऐवजी कोणते फळ किती चालेल, हे त्यांच्या डॉक्टरांना विचार.”