महिला बचत गटाचे वर्षाचे अंदाजपत्रक कसे बसवावे



कारखान्याचे अंदाजपत्रक दरवर्षी वार्षिक सभेपुढे येते व आपण ते मंजूर करतो. पण आपल्याच घरातली माय-बहीण ज्या बचत गटात बसते, त्या गटाचे अंदाजपत्रक कधी कोणी मागत नाही. गटाच्या वहीत बचत आणि कर्ज नीट लिहिलेले असते, पण ते झालेल्या गोष्टींचे. पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात किती पैसा येणार आणि कोणाला किती लागणार, हे लिहिलेले क्वचितच सापडते. ते कसे लिहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नाबार्डने १९९२ साली देशात पाचशे गट बँकांशी जोडून पाहण्याचा प्रयोग केला, तेव्हापासून ही चळवळ पसरली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने, आणि २०११ नंतर 'उमेद' अभियानाने, गावोगाव गट उभे केले. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड व लेखे ही पंचसूत्री बायकांना तोंडपाठ आहे. अंदाजपत्रक म्हणजे याच पाच गोष्टी येत्या बारा महिन्यांवर मांडून पाहणे होय.

धरणगाव तालुक्यातला एक नमुना गट समजा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापल्या गटाचे आपण घालावेत. बारा बाया आहेत. काही कपाशीवाल्या अल्पभूधारक, काही शेतमजूर, दोघींच्या घरी ऊस. गट दोन वर्षांचा असून आजवर महिना १०० रुपये बचत होती, ती येत्या १ एप्रिलपासून २०० करण्याचे ठरले आहे. अंतर्गत कर्जाला दरमहा शेकडा २ व्याज, तेही शिल्लक मुद्दलावर.

पहिली गोष्ट : पैसा कोणाचा, ते आधी ओळखावे

१ एप्रिल रोजी गटाकडे एकूण ४९,८०० रुपये आहेत. त्यात बायांची बचत २८,८००, फिरता निधी १५,००० आणि मागील दोन वर्षांचे शिल्लक व्याज ६,०००. हाच पैसा सध्या कुठे आहे ते पाहिले, तर ४१,००० बायांकडे कर्जाऊ आणि ८,८०० बँकेत व पेटीत. दोन्हीकडची बेरीज एकच आली पाहिजे. ती येत नसेल तर पुढे एक आकडाही लिहू नये, आधी वही दुरुस्त करावी.

येथे एक चूक हमखास होते. वर्षभरात बचतीचे २८,८०० येणार म्हणून ते 'उत्पन्न' या सदरात टाकले जातात. वास्तविक ते उत्पन्न नव्हे. कारखाना ऊस बिलातून ठेव कापतो, ती ठेव कारखान्याचा नफा असते का? ती तुमची ठेव असते व कारखान्यावर तेवढे देणे असते. बाईची बचत तशीच आहे, गट सोडताना ती परत द्यावी लागते. फिरता निधीही वाटून खाण्यासाठी नाही, तो गटात फिरता राहण्यासाठी आहे. गटाचे खरे उत्पन्न म्हणजे कर्जाचे व्याज, बँकेचे थोडे व्याज आणि उद्योगातली शिल्लक.

म्हणून दोन कागद करावेत. एकावर नुसता पैसा येणे-जाणे, महिन्यानुसार. दुसऱ्यावर वर्षाचे उत्पन्न व खर्च. हे दोन कागद एकात मिसळले की घोटाळा ठरलेला.

दुसरी गोष्ट : मागणी विचारून लिहावी, वसुली मागचे पाहून धरावी

मार्चच्या बैठकीत प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत : पैसा कशाला लागेल, किती लागेल आणि कोणत्या महिन्यात. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा घरखर्च वाढतो. जूनमध्ये कपाशीचे बियाणे आणि पोरांची शाळा एकदमच अंगावर येते. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीची मजुरी हाती येते, तेव्हा मागणी कमी आणि परतफेड चांगली होते. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी बिलावर हप्ता सांगितला, तर तो तोडीच्या महिन्यात धरू नये. कायद्यात १४ दिवसांची मुदत असली तरी गटाने महिना-दोन महिने पुढेच मांडलेले बरे.

वसुलीचा आकडा ठरलेल्या हप्त्यांची बेरीज करून घालू नये. आपल्या नमुना गटात ठरलेले हप्ते महिन्याला ५,००० चे आहेत. पण मागील वर्षाची वही पाहता पाचातले चारच रुपये वेळेवर आले, म्हणून ४,००० धरायचे. जून-जुलैत हातात मजुरी कमी, तेव्हा २,००० च धरायचे. हा आकडा सगळ्यांना आवडत नाही, पण खरा तोच असतो.

तिसरी गोष्ट : उद्योगाला मजुरी लावावी

या गटाने एप्रिलमध्ये ज्वारीचे बिबडे, कुरडया आणि उडदाचे पापड करायचे ठरवले आहे. सामान ६,५०० रुपये आणि काम करणाऱ्या बायांची मजुरी २,५००, असे ९,००० गुंततील. विक्री मे महिन्यात ७,००० व जूनमध्ये ४,५००, म्हणजे ११,५००. शिल्लक २,५००. कित्येक गट मजुरी धरीत नाहीत, मग कागदावर ५,००० नफा दिसतो. त्यातला अर्धा बायांच्या फुकट घामाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी लाटायला कोणी येत नाही. दुसरे असे की माल पावसाच्या आत विकावा. दमट हवेत पापड मऊ पडतो, वास येतो. नातलगांत उधार दिलेला माल तर विक्रीत धरूच नये, पैसे हाती आले की मगच लिहावे.

आता महिने मांडून पाहू

एप्रिलात कोणाची कर्जाची मागणी नाही. मे महिन्यात एकीला ३,००० हवे आहेत. जूनमध्ये चौघींना कपाशीसाठी प्रत्येकी ५,००० आणि तिघींना शाळेसाठी प्रत्येकी ३,०००, म्हणजे एकूण २९,००० ची मागणी आली आहे.

मे अखेर गटाकडे १७,४६० शिल्लक राहतात. जूनमध्ये बचत २,४००, मुद्दल २,०००, व्याज ७२० व पापडाचे ४,५०० येतील. महिन्याचा किरकोळ खर्च १०० वजा जाता २६,९८० होतात. आजारपणासाठी २,००० हात न लावता ठेवायचे. म्हणजे कर्ज देता येईल ते २४,९८०, आणि मागणी २९,००० ची. चार हजारांची तूट. वर्षाची बेरीज पाहिली असती तर ही तूट दिसलीच नसती. तेथे सगळे जुळते, अडते ते एकट्या जूनमध्ये.

अशा वेळी बैठकीत बोलणे होते ते साधारण असे :

"वहिनी, बियाणं जूनमधीच लागतंय हे खरं. पण पाचही हजार तेव्हाच लागतात का?"

"नाही ताई. बियाणं आन् पेरणीचं खत, तीन हजार. युरिया, फवारणी निंदणीनंतर."

म्हणजे चौघींना जूनमध्ये ३,००० व जुलैत २,००० दिले की काम भागते. जूनची मागणी २१,००० वर येते. बाहेरून एक रुपया न आणता तूट मिटली. तक्ता येणेप्रमाणे :

| | एप्रिल | मे | जून | जुलै |
|---|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | ८,८०० | ६,४२० | १७,४६० | ५,९८० |
| बचत | २,४०० | २,४०० | २,४०० | २,४०० |
| मुद्दल वसुली | ४,००० | ४,००० | २,००० | २,००० |
| व्याज | ८२० | ७४० | ७२० | १,१०० |
| पापड विक्री | – | ७,००० | ४,५०० | – |
| कर्ज दिले | – | ३,००० | २१,००० | ८,००० |
| उद्योगात गुंतवणूक | ९,००० | – | – | – |
| किरकोळ खर्च | ६०० | १०० | १०० | १०० |
| अखेरची शिल्लक | ६,४२० | १७,४६० | ५,९८० | ३,३८० |

एप्रिलच्या खर्चात मागील वर्षाच्या हिशेब तपासणीचे ५०० आहेत. पुढचे आठ महिने याच रीतीने मांडावेत. कोणत्याही महिन्याची अखेरची शिल्लक २,००० च्या खाली जाता कामा नये. मागणी पुढे-मागे करूनही तूट उरली, तरच बँकेच्या कर्जाचा विचार करावा, आणि तेव्हाही हाच तक्ता शाखेत दाखवावा. कशासाठी, किती, कधी आणि परतफेड कशातून, हेच बँक विचारते.

दुसरा कागद : उत्पन्न व खर्च

वर्षभर बायांकडे सरासरी ५०,००० कर्ज राहील असे धरले, तर व्याज १२,००० होते. थकीत जाणारे वजा करून ११,००० धरू. पापडाचे २,५०० आणि बँकेचे व्याज २०० मिळून उत्पन्न १३,७००. खर्च म्हणजे महिना १०० प्रमाणे १,२०० आणि तपासणीचे ५००, एकूण १,७००. शिल्लक १२,०००. यातून बुडीत कर्जासाठी १,५०० बाजूला काढावेत.

बाराजणींत बारा हजार, म्हणजे दरडोई हजार वाटून घ्यावेत असा विषय निघतोच. पण हे बारा हजार पेटीत पडून नसतात, त्यातले बहुतेक पुन्हा कर्जाऊ गेलेले असतात. दिवाळीत ते काढून वाटले की पुढच्या जूनमध्ये तेवढ्याच रकमेची तूट पडते. वाटायचेच असेल तर पुढच्या वर्षाचा जूनचा रकाना आधी मांडून पाहावा व मग ठरवावे.

बिघाड कशावरून ओळखावा

दर तीन महिन्यांनी अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष आकडा लिहावा. वसुली अंदाजापेक्षा पाचवा हिस्सा कमी आली, तर पुढच्या तिमाहीतली कर्जे तेवढी कमी करावीत, नुसती आशा धरून बसू नये.

उलटे चिन्ह जास्त फसवे असते. वसुलीही भरपूर आणि कर्जवाटपही भरपूर दिसते, पण पेटीतली रक्कम हलत नाही. आपल्या विकास सोसायटीत मार्चअखेर 'नवं-जुनं' कसे होते ते सभासदांना सांगायला नको. गटातही तसेच होते. एकाच तारखेला, त्याच बाईच्या नावे, जवळपास तेवढीच रक्कम जमा आणि नावे पडलेली असते. ते कर्ज फिटलेले नाही, फक्त वहीत फिरलेले आहे. अशा नोंदी वसुलीतून वजा करून पुढचे अंदाज धरावेत. त्या बाईला लाज न आणता हप्ता लहान करून द्यावा, म्हणजे थोडे का होईना मुद्दल खरेच खाली येते.

कागद तयार झाल्यावर मार्चच्या शेवटच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिला निदान तीन आकडे पाठ झाले पाहिजेत : माझी बचत किती, माझ्याकडे मुद्दल किती, आणि मला कोणत्या महिन्यात किती मिळणार. सभासद बंधूंनी घरी हेच तीन आकडे विचारून पाहावेत. उत्तर लगेच आले, तर गटाचे अंदाजपत्रक बायांपर्यंत पोचले असे समजावे.