फळ्यावरचं टिंब

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, एका ओळखीच्या विद्यार्थिनीचा फोन आला. "काका, तुम्ही दिलेल्या पानावर काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३५, १२ आणि १२५ अशा आहेत. असा त्रिकोण काढताच येत नाही."

ती बरोबर होती. ३५ आणि १२ मिळून ४७ होतात, मग १२५ लांबीची तिसरी बाजू टेकणार कुठे? ते पान मीच तयार केलं होतं. मालाड पश्चिमेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई निवृत्त होत होत्या. मुलांनी दोनेक वर्षांत वर्गातच मोबाइलवर काढलेले त्यांच्या फळ्याचे फोटो जमवायचे, वाचता येतील असे करायचे आणि छापून मुलांना द्यायचे, असं ठरलं होतं. मी आयुष्यभर छपाईच्या धंद्यात फोटो स्वच्छ करत आलो. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं, आणि ते चार संध्याकाळींचं आहे असं मी सांगूनही टाकलं.

मूळ फोटो उघडला. फळ्यावर बाईंनी ३.५, १२ आणि १२.५ लिहिलं होतं. साडेतीनचा वर्ग १२.२५, बाराचा १४४, बेरीज १५६.२५, आणि तोच साडेबाराचा वर्ग. उदाहरण चोख होतं. दोन्ही दशांशचिन्हं मी पुसली होती, स्वच्छ करताना. टिंबं कुठल्या पायरीवर गेली हे शोधायला मला सगळं काम उलट दिशेने तपासावं लागलं. पुढे लिहिलंय ते त्यातून हाती आलेलं.

पहिली पायरी फोटो सरळ करण्याची. फळा आयताकृती असतो, पण बाजूच्या बाकावरून काढलेल्या फोटोत तो तिरपा दिसतो, जवळची कड मोठी आणि लांबची लहान. संगणकावर फळ्याचे चार कोपरे दाखवून द्यायचे आणि त्यांचा आयत करायला सांगायचं. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी पर्स्पेक्टिव्ह नावाचं अवजार आहे. गणिताच्या भाषेत इथे आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक कोपरा दोन समीकरणं देतो, म्हणून चार कोपरे नेमके पुरतात. आयत किती लांब, किती उंच हे मात्र आपणच सांगावं लागतं. मी शाळेत जाऊन टेपने मोजून आलो: आठ फूट बाय चार फूट. ते प्रमाण चुकलं तर अक्षरं जाडी किंवा बारीक दिसतात आणि कुणाला फारसं कळतही नाही. भूमितीच्या फळ्यावर मात्र लगेच कळतं, कारण कंपासने काढलेलं वर्तुळ अंड्यासारखं होतं. बाईंची वर्तुळं माझ्या फार कामी आली.

काही फोटोंत एखादा कोपराच कापलेला होता. तिथे मी शिरोरेषेचा आधार घेऊन पाहिला. देवनागरीचा हा फायदा आहे, प्रत्येक ओळीला आडवी रेघ आयती मिळते. पण लिहिता लिहिता हात वर चढतो आणि ओळ उजवीकडे उचलली जाते, त्यामुळे लांब ओळीवर भरवसा ठेवू नये. पट्टीने मारलेल्या रेघा, फळ्याची चौकट, खालची खडू ठेवायची पट्टी यांवर ठेवावा.

सरळ केलेला फोटो छान दिसतो, आणि इथेच माणूस फसतो. त्रिकोणाच्या त्या फोटोत फळ्याची जवळची कड १६०० पिक्सेल उंच होती, लांबची ८००. म्हणजे लांबच्या टोकाचं अक्षर उंचीला निम्मं. मला वाटलं, रुंदीलाही निम्मंच असेल. तसं नसतं. तिरप्या फळ्यावर उंची अंतराच्या प्रमाणात घटते, पण रुंदी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, कारण फळा लांब तर जातोच, शिवाय नजरेला अधिक तिरपाही होतो. दुप्पट अंतरावरचं अक्षर रुंदीला चौथाईच उरतं. जवळच्या टोकाला पाच सेंटिमीटरचं अक्षर ६६ पिक्सेल उंच आणि ४६ रुंद होतं. तेवढंच अक्षर लांबच्या टोकाला ३३ उंच आणि जेमतेम १२ रुंद. खडूचं टिंब अर्धा-पाऊण सेंटिमीटरचं असतं. लांबच्या टोकाला त्याच्या वाट्याला रुंदीत दीड पिक्सेल आला होता. सरळ करताना संगणक ते दीड पिक्सेल ताणून सहाच्या जागी पसरतो. अक्षर मोठं दिसतं, पण त्यात नवीन काही आलेलं नसतं. टिंबाचा झाला फिकट डाग.

पण फिकट असलं तरी टिंब अजून होतं. ते गेलं पुढे.

दुसरी पायरी उजेड सारखा करण्याची. फळ्याचा एक भाग खिडकीजवळ उजळ, दुसरा अंधारात, आणि त्यावर डस्टरने पसरलेल्या खडूची पांढुरकी साय. अख्ख्या फोटोला एकच माप लावून याहून उजळ ते अक्षर, याहून काळं तो फळा असं ठरवलं, तर खिडकीजवळचा फळाच अक्षर ठरतो. म्हणून प्रत्येक जागी कोरा फळा किती उजळ दिसला असता याचा अंदाज करायचा आणि तेवढं वजा करायचं. पांढऱ्या फळ्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या झेंग्यू झांग आणि ली-वेइ ही यांनी २००३च्या सुमारास सोपी रीत मांडली: फोटोचे लहान लहान चौकोन पाडा, प्रत्येकातले सर्वांत उजळ चौथाई पिक्सेल घेऊन त्यांची सरासरी काढा. तो त्या जागचा कोरा रंग, त्याने बाकी सगळ्यांना भागा. मार्कर काळा आणि फळा पांढरा असल्यामुळे हे जमतं. खडूच्या फळ्यावर उलट असतं. तिथे मी फोटोची एक प्रत मोठ्या त्रिज्येच्या मीडियन ब्लरने इतकी धूसर करतो की अक्षरं विरून जावीत आणि उजेडाचे पट्टे तेवढे राहावेत. मग ती प्रत मूळ फोटोतून वजा करतो. त्रिज्या अक्षराच्या रेघेहून बरीच मोठी हवी. लहान ठेवली तर जाड रेघेचं मधलं अंग हाच कोरा फळा समजला जातो, आणि खडू आडवा धरून रंगवलेला भाग पोकळ होऊन नुसत्या कडा उरतात. हे एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

वजाबाकीनंतर फळा काळाभोर झाला, पण त्यावर खडूच्या धुळीचे शेकडो बारीक ठिपके चमकू लागले. ते नकोत म्हणून मी ठिपके काढणारी गाळणी लावली: इतक्या पिक्सेलहून लहान जे काही एकटं दिसेल ते पुसून टाक. छापखान्यात हे आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. गाळणीला धूळ आणि दशांशचिन्ह यांतला फरक कळत नाही. जवळच्या टोकाची टिंबं मोठी होती म्हणून वाचली, लांबची धुळीबरोबर गेली. एकाच पानावर काही दशांशचिन्हं शाबूत होती, आणि म्हणूनच मला संशय आला नाही.

मग मी सगळी पानं पुन्हा काढली. दशांशचिन्हांपुरतं हे नव्हतं. 'बिंदू'चं 'बिदू' आणि 'लंब'चं 'लब' झालं होतं. वाचणारा असे शब्द मनात दुरुस्त करून घेतो, पण चिंता आणि चिता यांत फरक एका टिंबाचाच असतो. आकड्यांना तर तेवढीही सोय नाही. ३५, १२, १२५चा त्रिकोण अशक्य होता म्हणून सापडला. दुसऱ्या एका उदाहरणात साडेसात मीटरच्या शिडीचे पंचाहत्तर मीटर झाले होते, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाने झेरॉक्सच्या काही यंत्रांमध्ये स्कॅन करताना ६च्या जागी ८ येत असल्याचं दाखवलं होतं. जागा वाचवण्यासाठी ती यंत्रं सारखे दिसणारे तुकडे एकच मानत आणि एकाच्या जागी दुसरा बसवत. पान डागाळलेलं दिसलं असतं तर कुणी तपासलं असतं. ते स्वच्छ दिसत होतं.

आता मी ठिपक्यांची गाळणी लावतच नाही. धूळ राहू देतो. फारच असेल तर अक्षरांपासून दूरच्या मोकळ्या जागेत हाताने पुसतो, आणि शेवटी छापायचं पान व मूळ फोटो शेजारी ठेवून आकडे मोठ्याने वाचतो. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो लहान होऊन येतो, म्हणून मुलांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं. तेवढ्यानेही कितीतरी टिंबं वाचली.

राहिली चकाकी. दुपारच्या अधिवेशनाचा वर्ग, पश्चिमेची खिडकी, चारनंतरचं ऊन. फळ्याच्या मधोमध पांढरा पट्टा पडतो. आधी तिथल्या पिक्सेलचा आकडा पाहावा. मोजपट्टी ० ते २५५ असते. आकडा २३०-२४० असेल तर खाली अक्षर दबलेलं असू शकतं, ते वजाबाकीने वर येतं. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५वर टेकले असतील तर तिथे माहितीच नाही, मग कुठलंही बटण दाबून उपयोग नाही.

उपाय दुसऱ्या फोटोचा आहे. चकाकी पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे सरकते, अक्षर सरकत नाही. दोन वेगळ्या बाकांवरचे फोटो सरळ करून एकाच मापाच्या आयतात बसवायचे, दोन्हींचा उजेड सारखा करायचा, आणि प्रत्येक जागी दोहोंतला जो काळसर असेल तो पिक्सेल घ्यायचा. गिंपमध्ये याला 'डार्कन ओन्ली' म्हणतात. चकाकी उजेडाची भरच घालते, कमी काही करत नाही, म्हणून ही रीत पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही फळ्यांना लागू पडते. मात्र दोन फोटो दोन-तीन पिक्सेलनेही सरकलेले असले तर परिणाम वेगवेगळा होतो. पांढऱ्या फळ्यावर मार्करच्या रेघा दुहेरी दिसतात, म्हणजे चूक समोर येते. काळ्या फळ्यावर खडूच्या बारीक रेघेवर शेजारचा काळा फळा येऊन बसतो आणि रेघ गुपचूप नाहीशी होते. त्यामुळे खडूच्या फळ्यावर मी हे फक्त चकाकीच्या पट्ट्यापुरतं करतो, बाकी फोटोला हात लावत नाही.

फोटो काढतानाच काळजी घेता आली तर उत्तम. दोन पावलं बाजूला सरकलं की बहुतेक वेळा पुरतं. गुळगुळीत फळा असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच कॅमेऱ्यासमोर धरूनही चकाकी बरीच मारता येते. पण गॉगल रस्त्यावरची, म्हणजे आडव्या पृष्ठभागाची चकाकी अडवायला बनवलेला असतो. उभ्या फळ्यावर बाजूच्या खिडकीची चकाकी अडवायची तर काच उभी, नव्वद अंशांत फिरवून धरावी लागते. हे माहीत नसल्यामुळे मी आधी गॉगलला नावं ठेवली होती.

एका फोटोला जोडीदार मिळाला नाही. एकाच मुलाने एकाच बाकावरून तो काढला होता, आणि पट्टा नेमका सिद्धतेच्या शेवटच्या ओळीवर, आकडा सगळीकडे २५५. त्या जागी काय असणार हे मला समजत होतं, लिहिताही आलं असतं. मी तिथे रिकामी चौकट ठेवली. छपाईला जाण्याआधी बाई पान पाहायला आल्या, चष्मा वर सरकवून त्यांनी ओळ वाचली आणि चौकटीत पेनने दोन शब्द लिहून दिले. मी धरले होते ते दोन शब्द ते नव्हते.