पंचविसाव्या वाढदिवसासाठी बंद केलेलं पत्र

लग्नाच्या वेळी किंवा पहिल्या वाढदिवसाला पती-पत्नीने एकमेकांना पत्र लिहायचं, ते कालकुपीत बंद करायचं आणि रौप्यमहोत्सवाच्या दिवशी उघडायचं, ही प्रथा आता बऱ्याच घरांत दिसते. कागदासाठी पंचवीस वर्षं हा फार मोठा काळ नाही. कपाटात नुसती ठेवलेली जुनी पत्रं त्याहून कितीतरी जास्त टिकतात. बंद पेटीतलं पत्र खराब होतं ते मुख्यतः ओलीमुळे, आणि ती ओल पुष्कळदा पेटी बंद करतानाच आत गेलेली असते.

बाहेरून येणाऱ्या ओलीचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या टल्सा शहरात घडलं. तिथे १९५७ साली एक नवी कोरी प्लायमाउथ मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली गेली. ५० वर्षांनी, २००७ मध्ये, तळघर उघडलं तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं आणि मोटार गंजून गेली होती. मात्र तिच्यासोबत पुरलेल्या सीलबंद पोलादी डब्यातली कागदपत्रं चांगल्या स्थितीत निघाली. घरच्या पत्रासाठी यातून दोन गोष्टी कळतात: जमिनीत पुरू नये आणि डबा धातूचा घ्यावा.

आतल्या ओलीचा हिशेब थोडा वेगळा आहे. समजा, दोघांची पत्रं मिळून सहा पानं आहेत आणि त्यांचं वजन साधारण ३५ ग्रॅम आहे. कोकणातल्या पावसाळ्यात एवढा कागद साडेतीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतो, तर कोरड्या हिवाळ्यात जेमतेम दोन ग्रॅम. एक लिटरच्या डब्यातल्या हवेत मात्र भर पावसाळ्यातही ग्रॅमचा अगदी लहानसा अंश एवढीच वाफ असते. म्हणजे ओलीचा खरा साठा कागदातच असतो. जुलैत डबा बंद केला तर आतली हवा वर्षानुवर्षं दमट राहते. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरायला लागते.

म्हणून लग्न पावसाळ्याच्या तोंडावर झालं, तरी पत्र बंद करायला डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. तेव्हा कागद दोन-तीन दिवस घरातल्या कोरड्या जागी, उन्हापासून दूर, मोकळा ठेवावा. मगच त्याची घडी घालावी. सोबत सिलिका जेलची वीसेक ग्रॅमची ताजी पुडी टाकली, तर उरलेली ओल ती शोषून घेते.

कागद आम्लरहित असावा. पुण्याच्या हातकागद संस्थेत बनतो तसा सुती चिंध्यांचा कागद उत्तम. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं. बऱ्याच फाउंटन पेनांची शाई पाणी लागताच फुटते. रंगकणांची शाई किंवा साधी शिसपेन्सिल अधिक भरवशाची, कारण ग्राफाइट पाण्याने पसरत नाही आणि उजेडाने उडत नाही. घड्या कमी घालाव्यात, कारण कागद आधी घडीवरच फाटतो. लॅमिनेशन, सेलोटेप, रबरबँड आणि टाचण्या टाळाव्यात. टेपचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो, रबर चिकट होतं आणि टाचणीचा गंज अक्षरांवर येतो. पीव्हीसीच्या पाकिटातला मऊपणा आणणारा पदार्थ शाई उचलून घेतो, त्यामुळे पत्र कागदी पाकिटातच घालावं.

डबा स्टेनलेस स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा घ्यावा. झाकणातली रबरी कडी काही वर्षांनी कडक होते आणि तिच्यातून वाफ थोडी थोडी आत येतच राहते. त्यामुळे डबा ठेवायची जागाही तितकीच महत्त्वाची. पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा फार तापतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं, आणि लाकडी असेल तर वाळवीही लागते. आतल्या भिंतीजवळच्या लोखंडी कपाटातला मधला कप्पा सर्वांत सुरक्षित.

कालकुप्या हरवतातही पुष्कळ, कारण त्या कुठे ठेवल्या हेच पुढे कुणाला आठवत नाही. ‘१२ डिसेंबर २०५० रोजी उघडावे’ अशी तारखेची चिठ्ठी डब्यावर चिकटवावी. तिचीच एक प्रत, डब्याच्या जागेसह, लग्नाच्या फोटोंच्या अल्बममध्ये ठेवावी. घर बदलताना सामानाच्या यादीत डब्याची नोंद करावी.

उघडण्याच्या वेळी डबा आधी एक दिवस खोलीत ठेवावा आणि मग झाकण फिरवावं. कुबट वास आला किंवा पानांवर लवदार ठिपके दिसले, तर बुरशी आहे असं समजून मास्क लावावा. फार कोरडा झालेला कागद घडीवर मोडतो, म्हणून पत्र काही तास मोकळ्या हवेत राहू द्यावं आणि नंतर हळूच उलगडावं. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढू नयेत. कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे द्यावीत, कारण चिकटलेली पानं बहुधा सुटी होऊ शकतात, पण ओढून फाटलेली ओळ पुन्हा वाचता येत नाही.