‘अनलेस’च्या पोटातला ‘नाही’

समजा, घरमालकाला भाडेकरूला सांगायचं आहे : ‘जोपर्यंत तुम्ही डिपॉझिट भरत नाही, तोपर्यंत मी किल्ली देणार नाही.’ मराठीत दोन्हीकडे ‘नाही’ आहे, म्हणून तो इंग्रजीतही दोनदा नकार घालतो : ‘अनलेस यू डोन्ट पे द डिपॉझिट, आय विल नॉट गिव्ह यू द की.’ याचा अर्थ नेमका उलटा होतो : डिपॉझिट भरलंत, तर किल्ली मिळणार नाही!

‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’. आपला पहिला ‘नाही’ त्याच्या पोटातच आहे, तो पुन्हा घालायचा नाही. ‘अनलेस यू पे द डिपॉझिट, आय विल नॉट गिव्ह यू द की’ एवढं पुरे.

दुसरी चूक क्रियापदाची. पैसे उद्या भरायचे, म्हणून अनेक जण ‘अनलेस यू विल पे’ लिहितात. पण अटीच्या भागात इंग्रजी सहसा ‘विल’ घेत नाही. गोष्ट उद्याची असली तरी तिथे साधा वर्तमानकाळ येतो आणि ‘विल’ राहतं ते परिणामाच्या भागात. यात आपल्याला नवल वाटायला नको. ‘उद्या तू आलास तर जाऊ’ म्हणताना आपणही उद्याच्या गोष्टीला भूतकाळाचंच रूप देतो.

हाच नियम ‘प्रोव्हायडेड दॅट’ आणि ‘ॲज लाँग ॲज’ यांनाही लागू आहे. ‘आय विल गिव्ह यू द की प्रोव्हायडेड दॅट यू पे टुडे’ म्हणजे आज पैसे भरलेत तरच किल्ली देईन. करारात, पत्रात हा शब्द शोभतो. ‘यू कॅन स्टे ॲज लाँग ॲज यू पे द रेंट ऑन टाइम’ म्हणजे भाडं वेळेवर देत आहात तोवर खुशाल राहा. इथला ‘जोपर्यंत’ नकाराशिवाय येतो, हे ध्यानात ठेवावं.

‘इन केस’ला मात्र ‘जर’ समजू नये. ‘कीप अ स्पेअर की इन केस यू लूज धिस वन’ म्हणजे ही हरवलीच तर हाताशी असावी म्हणून दुसरी किल्ली आधीच ठेवा. इथे ‘इफ’ घातलं, तर पहिली हरवल्यावर दुसरी ठेवा असा अर्थ होईल, आणि तोवर तुम्ही दाराबाहेर उभे असाल. लिफ्टजवळच्या पाटीवरचं ‘इन केस ऑफ फायर’ वेगळं : ‘ऑफ’ आला की अर्थ ‘आग लागली तर’ असाच होतो.

म्हणून इंग्रजी पत्र पाठवण्यापूर्वी अटीचा भाग एकदा वेगळा वाचा. ‘अनलेस’नंतर ‘नॉट’ किंवा अटीत ‘विल’ दिसलं, तर तिथे थांबून अर्थ पुन्हा तपासा.