Alt+Tab दाबलं आणि गेम गोठला

गेम ऐन रंगात असताना मित्राचा मेसेज बघायला कुणी Alt+Tab दाबतो. स्क्रीन काळी होते. परत आल्यावर तलवारींचा खणखणाट ऐकू येतो, पण चित्र मात्र दिसत नाही. आवाज चालू आहे याचा अर्थ प्रोग्रॅम जिवंत आहे, फक्त त्याच्या हातून पडदा निसटला आहे.

या त्रासासाठी बदनाम झालेला गेम म्हणजे २०११ चा ‘स्कायरिम’. तो डायरेक्टएक्स ९ वर चालतो. या पद्धतीत फुलस्क्रीन गेम मॉनिटरचा ताबा एकट्याकडे घेतो. त्यालाच एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीन म्हणतात. खेळणाऱ्याने दुसरी विंडो उघडली की विंडोज हा ताबा काढून घेतं आणि ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवलेली बरीच चित्रं बाद होतात. परतल्यावर गेमने ती सगळी नव्याने भरायची असतात. प्रोग्रॅमरने हे काम नीट केलेलं नसेल, तर गेम तिथेच अडकतो.

बॉर्डरलेसमध्ये ही भानगडच नाही. गेम असतो साध्या विंडोतच, फक्त तिला चौकट नसते आणि ती पूर्ण स्क्रीनभर पसरलेली असते. ताबा कुणाकडे जात नाही, म्हणून तो परत घ्यावाही लागत नाही. ‘स्कायरिम’च्या २०१६ च्या स्पेशल एडिशनमध्ये सुरुवातीच्या लाँचरमध्येच हा पर्याय आहे. जुन्या आवृत्तीत मात्र Documents मधल्या My Games\Skyrim फोल्डरमधली SkyrimPrefs.ini उघडून ही ओळ बदलावी लागते:

```
bFull Screen=0
```

त्याने गेम विंडोत उघडतो, पण चौकटीसकट. हे दिसायला फारसं देखणं नाही, पण गोठण्यापेक्षा बरं.

मग सगळे बॉर्डरलेसच का वापरत नाहीत? पूर्वी विंडोतल्या गेमची प्रत्येक फ्रेम विंडोजकडून फिरून पडद्यावर यायची आणि माऊसची हालचाल किंचित उशिरा दिसायची. विंडोज ११ च्या ग्राफिक्स सेटिंगमधलं Optimizations for windowed games सुरू केलं, तर डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या गेममध्ये हा उशीर बराच कमी होतो. डायरेक्टएक्स ९ ला त्याचा उपयोग नाही. आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये ती जुनी एकाधिकाराची पद्धत उरलेलीच नाही. तिथे मेनूत फुलस्क्रीन असं लिहिलेलं असलं, तरी ते बहुतेकदा नावापुरतंच.

खरी अडचण जुन्या लॅपटॉपवाल्यांची. १९२०×१०८० च्या स्क्रीनवर गेम १२८०×७२० वर चालवला, तर कार्डाला सव्वादोन पट कमी पिक्सेल रंगवावे लागतात. बॉर्डरलेसमध्ये गेम सहसा डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतो, त्यामुळे हा फायदा हातचा जातो. गेमच्या सेटिंगमध्ये रेंडर स्केल असेल, तर तो सुमारे ६७ टक्क्यांवर आणला की तेवढंच काम उरतं. तो नसेल, तर एक्सक्लुझिव्हच ठेवावा आणि Alt+Tab दाबण्याआधी गेम सेव्ह करावा.