राष्ट्रगीताच्या वेळचे मौन : हक्क आणि कर्तव्य यांची एक कसोटी

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्क आणि मूलभूत कर्तव्ये यांच्या याद्या बहुधा शेजारी छापलेल्या असतात. त्यामुळे कर्तव्य चुकले की हक्कही गेला, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः या दोहोंचे उगम वेगळे आहेत आणि परिणामही वेगळे आहेत. हक्क संविधानाच्या तिसऱ्या भागात प्रारंभापासून आहेत, आणि त्यांचा भंग झाल्यास अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. कर्तव्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये आली व ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आली. ती मोडणाऱ्यास कोणतीही शिक्षा त्या अनुच्छेदात सांगितलेली नाही. शिक्षा करायची तर त्यासाठी वेगळा कायदा असावा लागतो.

हा भेद ज्या खटल्यात लख्ख दिसला, तो एका शाळेतच सुरू झाला. केरळमधील एका शाळेत यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. परिपाठाच्या वेळी राष्ट्रगीत सुरू झाले की ती इतरांप्रमाणे आदराने उभी राहत, मात्र गात नसत. ईश्वराखेरीज अन्य कोणाचे स्तुतिगान करणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. कोणाची तक्रार नव्हती. पुढे एका आमदाराने विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने मुले शिस्तप्रिय असून त्यांच्याकडून कोणताही अनादर झालेला नाही, असा अहवाल दिला. तरीही वरिष्ठांच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी मुख्याध्यापिकांनी तिघांनाही शाळेतून काढून टाकले. उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला. हा खटला ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने ओळखला जातो. न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांचा विचारक्रम प्रत्येक शिक्षकाने अभ्यासावा असा आहे. प्रथम त्यांनी कर्तव्याचे शब्द पाहिले. अनुच्छेद ५१-क राष्ट्रगीताचा आदर करण्यास सांगतो. मुले उभी राहिली, तेव्हाच आदर झाला. गायलेच पाहिजे असे सांगणारा कायदा कोठेही नव्हता. नंतर त्यांनी १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम तपासला. जो हेतुपुरस्सर राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करतो किंवा ते गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणतो, तो त्याखाली दोषी ठरतो. मौन राखणारा त्यात येत नाही. राहिली शिक्षण खात्याची परिपत्रके. अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालायचे, तर ते ‘कायद्याने’ आणि संविधानात नमूद केलेल्या कारणांसाठीच घालता येतात. खात्याच्या परिपत्रकांना वैधानिक आधार नव्हता, म्हणून ती कायदा ठरत नव्हती. अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे, परंतु मुलांच्या शांत उभे राहण्याने यांपैकी कशालाही बाधा पोहोचली नव्हती. न्यायालयाने मुलांना परत प्रवेश देण्याचा आदेश दिला.

हीच कसोटी आपल्या शाळांतील प्रसंगांना लावून पाहावी. समजा, सातवीतील एक मुलगा राष्ट्रगीत चालू असताना मागच्या रांगेत मुद्दाम आरडाओरडा करतो. येथे त्याला श्रद्धेचा आधार घेता येत नाही. त्याचे वर्तन इतरांच्या गायनात व्यत्यय आणते आणि शाळेने त्याला समज देणे योग्यच आहे. मात्र समज म्हणजे छडी नव्हे. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याला शाळेतून काढताही येत नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा अधिनियम लागू होत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

दुसरा प्रसंग. एका अनुदानित शाळेत आठवड्यातून एक तास धार्मिक शिक्षणाचा आहे आणि एक पालक मुलीला त्या तासाला बसवू इच्छित नाहीत. अनुच्छेद २८ येथे स्पष्ट आहे: मूल अज्ञान असेल, तर पालकाच्या संमतीशिवाय त्याला अशा शिक्षणात सहभागी करता येत नाही. शाळा पूर्णतः शासनाच्या निधीवर चालणारी असेल, तर तेथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. त्या तासाला न बसणे हे मुलीच्या प्रगतिपुस्तकातील शेऱ्याचे कारण होऊ नये.

मुख्याध्यापकांनी अशा प्रसंगी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी हातातला कागद कायदा आहे की केवळ परिपत्रक, एवढे अवश्य पाहावे.