अर्ध्या लेबलावरची अक्षरं

मुक्ता माझी भाची, रत्नागिरीत हॉस्टेलवर राहते. गेल्या पावसाळ्यात तिने एका पांढऱ्या ट्यूबचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, हे कुठलं क्रीम आहे? माझ्या तेलकट चेहऱ्याला चालेल का?” ट्यूब खोलीतल्या जुन्या मुलीने जाताना ठेवून दिलेली. ओल्या हातांनी उचलून उचलून पुढची छपाई घासली गेली होती आणि मागच्या लेबलाचा उजवा भाग सोलून निघाला होता. मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, त्यामुळे घरात कुणाच्याही हाताला अनोळखी डबी लागली की ती माझ्याकडे येते.

पुढच्या बाजूला फक्त ‘टी ट्री’ आणि त्याखाली ‘…ल-फ्री’ एवढंच वाचता येत होतं. नाव गेलं होतं, कंपनीचं चिन्हही गेलं होतं. पण अशा वेळी आधी नाव शोधायचं नाही. आधी एवढंच बघायचं की हे औषध आहे की प्रसाधन.

हे ओळखायला चारच अक्षरं पुरतात. औषधाच्या ट्यूबवर घटक टक्क्यांत लिहिलेले असतात, त्यापुढे ‘डब्ल्यू बाय डब्ल्यू’ किंवा ‘आय. पी.’ अशी खूण असते, आणि बहुतेक वेळा लाल उभी रेघ किंवा ‘आरएक्स’ दिसतं. प्रसाधनावर टक्के देणं बंधनकारक नसतं, तिथे घटकांची स्वल्पविराम घातलेली लांबच लांब यादी असते. फाटक्या लेबलावर ‘…मेटासोन’ किंवा ‘…बेटासोल’ असा शेवट दिसला, तर तो स्टिरॉइडचा असण्याची शक्यता खूप. मग तेलकट त्वचेचा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ट्यूब डॉक्टरांना दाखवायची. गोरं दिसण्यासाठी अशी मलमं महिनोन्महिने चोळणारे लोक आपल्याकडे इतके आहेत की त्यातून बिघडलेल्या चेहऱ्याला त्वचारोगतज्ज्ञांनी ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं वेगळं नावच देऊन टाकलं आहे. सुरुवातीला चेहरा छान उजळतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते, आणि मलम थांबवलं की पुटकुळ्या उसळून येतात. मुक्ताच्या ट्यूबवर टक्के नव्हते, लाल रेघही नव्हती. तेव्हा ते प्रसाधनच, असं धरून पुढे जाता येत होतं.

तिला म्हटलं, दिव्याखाली ट्यूब थोडी थोडी फिरवत तीन फोटो काढ, आणि उजेड समोरून नको, बाजूने पाड. घासलेल्या छपाईचा शाईचा थर गेला तरी तिचा उमटलेला ठसा तिरक्या उजेडात बरेचदा दिसतो. ट्यूबच्या खालच्या दाबलेल्या पट्टीवरही बघ म्हटलं, तिथे बॅच नंबर आणि ‘यूज बिफोर’ची तारीख ठोकलेली असते. तारीख निघाली, अजून आठ महिने बाकी होते. उत्पादकाच्या पत्त्यातलं ‘बद्दी’ एवढं एक गावाचं नाव निघालं. त्यातून मात्र काही कळत नाही. हिमाचलातल्या बद्दीत एकाच कारखान्यात अनेक ब्रँडची क्रीमं भरली जातात, म्हणून बनवणाऱ्याचा पत्ता आणि विकणाऱ्याचं नाव ह्या दोन वेगळ्या गोष्टी. बारकोडच्या ८९० ह्या सुरुवातीचंही तसंच आहे. तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे इतकंच त्यातून समजतं, आत काय भरलंय ते नाही.

आता राहिली घटकांची यादी. उजवी बाजू फाटल्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात शाबूत होती आणि शेवट गायब. उतरवून घेतली ती अशी:

ॲक्वा, ग्लिसरिन, आयसोप्रो…
सेटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टि…
डायमेथिकोन, नायसि…
फिनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर, सॅलिसि…
मेलाल्युका अल्टर्नि…

ही यादी वाचायला एक नियम पाठ असावा लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, जास्त तो आधी. पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. ही एक टक्क्याची सीमारेषा लेबलावर आखलेली नसते, ती आपल्यालाच हुडकावी लागते. त्यासाठी फिनॉक्सिइथेनॉल हा फार उपयोगी गडी आहे. हे परिरक्षक, म्हणजे क्रीम नासू नये म्हणून घालतात, आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का. म्हणजे यादीत त्याच्या मागे जे जे उभं आहे ते एक टक्का किंवा त्याहून कमी. त्याच्या पुढे असलेल्यांबद्दल मात्र खात्री देता येत नाही, कारण सीमारेषा त्याच्याही आधीच येऊन गेलेली असू शकते. ह्या दुसऱ्या अर्ध्या भागात चूक फार जण करतात.

ओळींचे तुटलेले शेवट भरायला घेतले. ‘नायसि…’ म्हणजे नायसिनामाइड, ह्यात वाद नाही. ‘सॅलिसि…’ सॅलिसिलिक ॲसिड. ‘मेलाल्युका अल्टर्नि…’ हे टी ट्रीचं झाडाचं शास्त्रीय नाव, त्याच्या पानांचं तेल. ‘ग्लिसरिल स्टि…’ म्हणजे ग्लिसरिल स्टिअरेट, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं. अडली ती ‘आयसोप्रो…’शी. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल, नाही तर आयसोप्रोपिल मायरिस्टेट किंवा पाल्मिटेट. पहिलं असेल तर त्वचा कोरडी पाडणारं स्पिरिट, बाकीची दोन असतील तर मऊपणा देणारी तेलासारखी द्रव्यं. दोन टोकांचे अर्थ, आणि शब्द एकच जागी तुटलेला!

इथे शेजाऱ्यांकडे बघायचं. लगेच खालच्या ओळीला सेटिअरिल अल्कोहोल आणि ग्लिसरिल स्टिअरेट आहेत. (सेटिअरिल अल्कोहोल नावाने दचकू नये, ते स्पिरिट नव्हे, मेणासारखी पांढरी चकती असते ती.) ही जोडी असली की क्रीम पांढरं, दाट, तेल-पाणी घुसळून केलेलं असतं. अशा क्रीममध्ये तिसऱ्या जागी स्पिरिट ओतणारा रसायनतज्ज्ञ मला अजून भेटलेला नाही. एवढं स्पिरिट ओतलं तर ते घुसळण फाटायलाच टेकेल. मुक्ताला विचारलं, वास कसा येतो, हातावर घातल्यावर गार वाटून लगेच उडून जातं का. ती म्हणाली, “नाही मावशी, उलट पंधरा मिनिटं चकचकीत राहतं.” मग मायरिस्टेट किंवा पाल्मिटेट. ह्या दोघांतलं नेमकं कोण, ते मला कळलं नव्हतं आणि ते कळायची गरजही नव्हती. छिद्रं बुजवण्याच्या बाबतीत दोघांचंही नाव वाईट आहे. ओळख निर्णयापुरती झाली की थांबायचं.

ह्या वाईट नावाचा उगम मात्र सांगायला हवा. १९७०च्या दशकात अमेरिकेत क्लिगमन आणि मिल्स ह्या संशोधकांनी प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांवर काम केलं, आणि त्या काळात घटक तपासण्याची रूढ पद्धत होती सशाच्या कानाच्या आत ते लावून बघण्याची. शून्य ते पाच असे गुण देणाऱ्या ज्या याद्या आज फिरतात, त्यांची मुळं तिथे आहेत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार हळवा असतो. शिवाय घटक सुटा लावणं वेगळं आणि क्रीममध्ये थोडा मिसळलेला लावणं वेगळं. वाईट गुण मिळालेला घटक असूनही तयार क्रीमने मुरूम न आल्याचं पुढे माणसांवरच्या तपासण्यांत दिसलं आहे. म्हणून एखादं नाव दिसलं की ट्यूब केरात, असं मी करत नाही. तो घटक यादीत कितव्या जागी आहे हे बघते. शेपटीला असलेला मायरिस्टेट मला चालतो. पाणी आणि ग्लिसरिननंतर लगेच तिसऱ्या जागी बसलेला मात्र कित्येक टक्के असतो.

आणि आता ते ‘…ल-फ्री’. ते ‘ऑइल-फ्री’ असणार, ह्यात शंका नव्हती, आणि ते खोटंही नव्हतं. मायरिस्टेट रसायनशास्त्राच्या व्याख्येत तेल नाही, एस्टर आहे. ते भरपूर घालूनही ट्यूबवर ऑइल-फ्री छापता येतं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ ह्या शब्दामागेही ठरलेली सक्तीची चाचणी नसते.

मग पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणाऱ्या टी ट्रीचं काय? ते फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे, अगदी शेवटी. बहुधा वासापुरतं. सॅलिसिलिक ॲसिडबद्दल इतकं बेधडक बोलता येत नाही, कारण ते अर्ध्या टक्क्यालाही काम करू शकतं. पण त्याच्या शेजारी कार्बोमर होता. कार्बोमर हे क्रीम दाट करणारं द्रव्य, आणि ते नीट फुगायला आम्लता बरीच उतरवावी लागते, साधारण सहा पीएचच्या आसपास. सॅलिसिलिक ॲसिड छिद्रात शिरायला मात्र आम्ल राहावं लागतं, तीन-चार पीएच. सहाला त्याचं जवळजवळ सगळं क्षारात बदलतं. ह्या ट्यूबमधलं सॅलिसिलिक त्यामुळे नावापुरतंच उरलं असावं. नायसिनामाइड तेवढं कामाचं. दोन टक्क्यांना ते तेलाचा स्राव थोडा कमी करतं असं दिसलेलं आहे, पण इथे ते दोन टक्के होतं की अर्धा, हे ह्या यादीवरून ठरत नव्हतं.

थोडक्यात, पुढून तेलकट त्वचेची ट्यूब, मागून साधं मऊ क्रीम. नाव शोधायचं असेल तर पहिले चार घटक त्याच क्रमाने आणि ओळ तिथेच तुटते का, हे ब्रँडच्या छापील यादीशी जुळवून बघावं लागतं. निव्वळ पुढचं चित्र जुळून चालत नाही, कारण एकाच नावाचं जेल वेगळं, क्रीम वेगळं, आणि जुनं-नवं सूत्रही वेगळं निघतं.

मुक्ताला एक प्रश्न उलटा विचारला. तुझा चेहरा तेलकट आहे हे कशावरून? जुलैत रत्नागिरीत कुणाचा चेहरा चकाकत नाही? तो घामही असतो. तिला सांगितलं, सौम्य फेसवॉशने तोंड धू, काही लावू नकोस, पंख्याखाली तासभर बस आणि मग टिपकागद कपाळ, नाक आणि गालावर दाबून बघ. कपाळ-नाकावर पारदर्शक डाग उमटले, गाल कोरडे निघाले. म्हणजे तेलकट होता तो मधला पट्टा. गालांवर हे क्रीम चाललंही असतं.

ती म्हणाली, “मग लावून बघू का?” मी म्हटलं, बघ, पण जबड्याच्या एकाच बाजूला, नखाएवढं, आणि सहा आठवडे. खाज किंवा लाली दोन-तीन दिवसांत कळते. बुजलेली छिद्रं आतून हळूहळू भरतात, ती आठवड्यांनी वर येतात, म्हणून चार दिवसांत ‘मला सूट झालं’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नसतो. दुसरी बाजू तशीच ठेवली म्हणजे तुलना होते, नाही तर पाळी, परीक्षा आणि मेसचं जेवण ह्यांतल्या कुणाला दोष द्यायचा तेच कळत नाही.

पाचव्या आठवड्यात डाव्या जबड्यावर बारीक पांढऱ्या पुटकुळ्यांची रांग आली, उजवा स्वच्छ राहिला. गणपतीला ती घरी आली तेव्हा ट्यूब सोबत होती. टाचांना लावून अर्धी संपवली होती, आणि भेगा खरंच भरल्या होत्या.